पहारा कुठे बसवायचा? : एक प्रस्तावना

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. नकली व्हिसा कार्डे वापरून केलेले हे साधारण १२,००० व्यवहार होते. भारतातही रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार झाले आणि आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या संदेशांतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांचा. पुढे पुणे पोलिसांच्या विशेष तपास पथकाने देशात पैसे काढणाऱ्यांना पकडले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

या पुस्तकाच्या दृष्टीने या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट रकमेची नाही. इतके पैसे गेले तरी एकाही खातेदाराच्या खात्यातून एक रुपया वजा झाला नव्हता. असे का झाले हे कळले की घुसखोरी ओळखणारी यंत्रणा आणि घुसखोरी रोखणारी यंत्रणा यांचे बरेचसे शास्त्र हाती येते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एटीएममध्ये कार्ड घातले की मागणीचा संदेश व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या एटीएम स्विचकडे येतो. (हा स्विच म्हणजे कार्ड-व्यवहारांची देवाणघेवाण करणारा सर्व्हर. नेटवर्कच्या केबली जोडतो तो स्विच वेगळा. नाव एकच असल्याने नवख्याचा गोंधळ उडतो.) एटीएम स्विच ती मागणी कोअर बँकिंगकडे, म्हणजे सीबीएसकडे नेतो. सीबीएस खाते बघते, शिल्लक बघते आणि हो किंवा नाही सांगते. तेच उत्तर उलट वाटेने एटीएमपर्यंत जाते. बँकेने नंतर सांगितले त्याप्रमाणे हल्लेखोरांनी या साखळीत एक तोतया स्विच उभा केला होता. मागणी आली की तोच परस्पर ‘हो’ म्हणत होता. सीबीएसपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता, मग खात्यातून वजा होणार कसे?

नागरी बँका, पतसंस्था आणि महाविद्यालये यांच्या संगणक विभागांतून मला नेहमी एकच प्रश्न येतो: ‘सर, आयडीएस घेऊ की आयपीएस?’ विक्रेता दोन्हींची दरपत्रके ठेवून गेलेला असतो. मी उलट विचारतो, ‘बसवणार कुठे?’ बहुतेक ठिकाणी उत्तर येते, ‘इंटरनेटची लाइन येते तिथे.’ कॉसमॉसचा हा तोतया ज्या वायरवर बोलत होता ती वायर त्या दारावर नव्हती. दाराशी कितीही महाग यंत्र ठेवले तरी ११ ऑगस्टच्या दुपारी त्याला काही दिसले नसते.

आता या दोन यंत्रणांतला फरक. आमच्या वडनेरवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, नागपूरहून हैदराबादकडे. याच रस्त्यावर दारोड्याला टोलनाका आहे. नाक्याचा दांडा गाडीच्या वाटेत आडवा असतो. तो उचलल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. रस्त्याकडेच्या खांबावरचा कॅमेरा मात्र कुणालाच अडवत नाही. तो बघतो, नोंद करतो, फार तर कुणाला तरी कळवतो. आयपीएस हा दांडा आहे आणि आयडीएस हा कॅमेरा. दांडा बंद पडला तर मागे रांग लागते. कॅमेरा बंद पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या पाचही प्रकरणांत या दोन अडचणी वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतील.

नेटवर्कमध्ये आयपीएस वाहतुकीच्या आड बसते: एका पोर्टातून पॅकेट आत येते, तपासले जाते, दुसऱ्या पोर्टातून बाहेर पडते. आयडीएसला नेटवर्क-स्विचच्या मिरर पोर्टवरून किंवा वायरीवर बसवलेल्या टॅपमधून पॅकेटची प्रत मिळते. मूळ पॅकेट तोवर पुढे निघून गेलेले असते. यंत्र आणि सॉफ्टवेअर पुष्कळदा तेच असते. स्नॉर्ट १९९८ मध्ये आले, सुरिकाटा त्यानंतर दशकभराने, आणि आज दोन्ही दोन्ही प्रकारे चालतात. नियमसुद्धा तोच राहतो. उदाहरणार्थ हा बघा:

```
alert tcp any any -> $HOME_NET 445 (msg:"SMBv1 negotiate"; flow:to_server,established; content:"|FF|SMB|72|"; offset:4; depth:5; sid:1000001; rev:1;)
```

याचा अर्थ असा: आपल्या नेटवर्कातल्या कुठल्याही संगणकाच्या ४४५ पोर्टकडे जाणाऱ्या, आधीच जुळलेल्या टीसीपी जोडणीत पहिले चार बाइट सोडून पुढच्या पाचांत FF, S, M, B आणि 72 हे बाइट दिसले तर कळव. विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीने बोलणी सुरू केली की हेच बाइट दिसतात. सिग्नेचर म्हणतात ते हेच: ठरलेल्या जागी ठरलेली खूण. पहिला शब्द `alert` बदलून `drop` केला की तोच नियम रोखणारा होतो. मात्र यंत्र वाहतुकीच्या आड बसलेले असेल तरच. मिरर पोर्टवर बसलेल्या यंत्रात `drop` लिहिले तर रोखायला हातात काही नसते, कारण मूळ पॅकेट केव्हाच गेलेले असते. ऑडिटच्या अहवालात ‘ब्लॉकिंग सुरू आहे’ अशी नोंद आणि प्रत्यक्षात केबल मिरर पोर्टला, हे दृश्य दुर्मीळ नाही.

वरचा नियम सरळ `drop` करून ठेवण्याची घाई करू नये. ज्या संगणकांत पहिल्या आवृत्तीचा क्लायंट अजून चालू आहे, ते पुढच्या आवृत्त्यांची तयारी दाखवतानाही पहिली हाक याच जुन्या पद्धतीने मारतात. म्हणजे निरुपद्रवी संगणकही या खुणेत सापडतात. आधी महिनाभर `alert` ठेवावे, कोण कोण सापडतो ते बघावे, त्या यंत्रांवरची जुनी आवृत्ती बंद करावी आणि मग रोखावे. सिग्नेचर पक्की असते ती बाइटांपुरती. ते बाइट कोणी, कशासाठी पाठवले हे तिला ठाऊक नसते.

सिग्नेचरची ताकद आणि तिची हद्द महाराष्ट्राने २०१७ मध्ये एकाच घटनेत पाहिली. २७ जूनला नॉटपेट्या या कीडप्रोग्रामने मर्स्क कंपनीचे जगभरातले संगणक बंद पाडले आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. तो कंपन्यांत शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने. आत आल्यावर तो दोन तऱ्हांनी पसरला. पहिली तऱ्हा फाइल-शेअरिंगच्या पहिल्या आवृत्तीतला तो कुप्रसिद्ध दोष, ज्यावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दुरुस्ती दिली होती आणि ज्याच्या सिग्नेचरही उपलब्ध होत्या. दुसरी तऱ्हा अशी: संगणकाच्या स्मृतीतून प्रशासकाचा पासवर्ड उचलायचा आणि विंडोजच्याच अधिकृत साधनांनी शेजारच्या संगणकावर जायचे. पहिल्या तऱ्हेला सिग्नेचर पकडते. दुसरी पॅकेटांत दिसते ती प्रशासकाच्या रोजच्या कामासारखी. शिवाय दोन्ही प्रवास आतल्या आत, एका संगणकाकडून शेजारच्याकडे होतात. इंटरनेटच्या दारावरच्या यंत्रासमोरून ते जातच नाहीत.

सिग्नेचरच्या या हद्दीपलीकडचे पकडायला दुसरी पद्धत आहे. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात तिचे मूळ सापडते: आधी नेहमीचे वागणे मोजून ठेवायचे आणि त्यापासून कोण ढळतो ते बघायचे. हिला ॲनोमली डिटेक्शन म्हणतात. प्रशासकाचे खाते रात्री दोन वाजता चाळीस संगणकांवर लॉगिन करू लागले तर बाइट निर्दोष असले तरी वागणे वेगळे आहे, आणि ते पकडता येते. कानाला हे फार आकर्षक वाटते. विक्रेतेही ते आकर्षक करूनच सांगतात.

आमच्या भागातले उदाहरण घेऊ. एखाद्या बँकेने हिंगणघाट तालुक्यातल्या शाखांच्या एटीएम व्यवहारांवर अशी यंत्रणा जूनमध्ये शिकवली. जून म्हणजे पेरणी; शेतकऱ्याच्या हाती रोकड कमी, एटीएममधून काढलेल्या रकमा लहान. दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात यायला लागतो, हिंगणघाटच्या बाजार समितीत गाड्यांच्या रांगा लागतात, चुकारा खात्यावर जमा होतो आणि लोक तो काढायला येतात. जूनवर शिकलेल्या यंत्रणेला यातला प्रत्येक दिवस संशयास्पद वाटेल. उलट कापसाच्या हंगामावर शिकवली तर जूनमध्ये कुणी मोठी रक्कम काढली तरी तिला ते सामान्य वाटेल. शिकवण्याच्या काळात घुसखोर आधीच आत असेल तर त्याचे वागणेही ‘नेहमीचे’ म्हणून नोंदले जाते. यावर उपाय आहेत: वर्षभराचा डेटा घेणे, शाखानिहाय आणि हंगामनिहाय पट्टे ठरवणे. पण ते काम यंत्र करत नाही. तालुक्याचे अर्थकारण ठाऊक असलेला माणूसच ते करतो.

त्याहून मोठी अडचण साध्या गणिताची आहे. ती दरपत्रकात कधीच नसते, म्हणून इथे मांडतो. समजा एका मध्यम बँकेच्या नेटवर्कात दिवसाला एक लाख जोडण्या होतात आणि त्यांतल्या दहा खरोखर वाईट आहेत. समजा यंत्रणा शंभरातल्या नव्याण्णव वाईट जोडण्या पकडते आणि चांगल्या जोडण्यांपैकी शंभरात फक्त एकीवर चुकून बोट ठेवते. कागदावर ही यंत्रणा उत्तम. आता हिशेब करा. दहापैकी दहाही सापडतील. उरलेल्या ९९,९९० चांगल्या जोडण्यांचा एक टक्का म्हणजे जवळपास हजार खोटे अलर्ट. रोज एक हजार दहा अलर्ट, त्यांत खरे दहा. शंभरातला एक. तिसऱ्या दिवशी अलर्ट बघणारा माणूस ‘सगळे निवडा’ आणि ‘बंद करा’ ही दोन बटणे शोधतो. दोष त्याचा नाही. खरी घुसखोरी दुर्मीळ असते, आणि चांगल्या जोडण्यांच्या एवढ्या ढिगावर एक टक्का चूकसुद्धा फार मोठी पडते.

आयडीएस की आयपीएस या प्रश्नाचा निकालही हेच गणित लावते. हे हजार खोटे अलर्ट आयडीएसचे असतील तर माणसाचा वेळ जातो. आयपीएसचे असतील तर रोज हजार चांगल्या जोडण्या तुटतात. त्यांत कुणाची पेन्शन, कुणाचा आरटीजीएस अडकतो. म्हणून जाणकार मंडळी साधारणपणे अशी वाटणी करतात: दीर्घकाळ तपासून खात्री झालेल्या मोजक्या सिग्नेचर रोखण्यासाठी, बाकीच्या सिग्नेचर आणि ॲनोमलीचे जवळपास सगळे नियम फक्त कळवण्यासाठी. मलाही हीच वाटणी योग्य वाटते. ‘आमचे यंत्र आपोआप शिकून आपोआप रोखते’ असे कुणी म्हटले तर चुकीने रोखलेल्या जोडण्यांचा मागच्या महिन्याचा आकडा मागावा.

आता कॉसमॉसकडे परत येऊ आणि प्रश्न विचारू: पहारा कुठे असता तर दिसले असते? तोतयाच्या संदेशांत सिग्नेचरला धरता येईल असे काही असायचे कारण नाही. कार्ड-व्यवहारांचे संदेश आयएसओ ८५८३ या ठरलेल्या साच्यात असतात. मागणी 0200 प्रकारची, उत्तर 0210 प्रकारचे, आणि उत्तरातल्या ३९ क्रमांकाच्या रकान्यात 00 असेल तर मंजुरी. ‘हो’ खरे असो की तोतयाचे, साचा एकच. वेगळे होते ते नाते. मंजुरीचे उत्तर बाहेर जात होते आणि त्याच्या जोडीचा प्रश्न सीबीएसकडे गेलेलाच नव्हता.

म्हणून दोन जागा महत्त्वाच्या ठरतात. एक टॅप एटीएम स्विच आणि कार्ड-जाळे यांच्यामधल्या वायरीवर, दुसरा एटीएम स्विच आणि सीबीएस यांच्यामधल्या वायरीवर. प्रत्येक व्यवहाराला संदर्भ क्रमांक असतो, ३७ क्रमांकाच्या रकान्यात. पहिल्या वायरीवर मंजूर झालेला प्रत्येक क्रमांक दुसऱ्या वायरीवर सापडला पाहिजे, आणि त्याआधी काही क्षण. सापडला नाही तर अलर्ट. या नियमाला महिनोन्‌महिने शिकवावे लागत नाही, कारण व्यवहार कसा झाला पाहिजे हे आधीच लिहिलेले आहे. जाणकार याला स्पेसिफिकेशनवर आधारलेली ओळख म्हणतात. माझ्या मते ती ॲनोमलीचीच सर्वांत शहाणी बहीण. आणि टॅपचे पाहणे एटीएम स्विचच्या स्वतःच्या लॉगवर अवलंबून नसते. स्विचच ताब्यात गेला असेल तर त्याचा लॉग खोटे बोलू शकतो. वायरीवरचा टॅप त्याच्या हाताखाली काम करत नाही.

हा नियमही निर्दोष नाही. दिवसअखेरच्या कामासाठी किंवा बिघाडामुळे सीबीएस बंद असते तेव्हा अनेक बँकांत एटीएम स्विच ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतःच मंजुरी देतो आणि सीबीएस उठले की तिला 0220 प्रकारच्या संदेशाने कळवतो. याला स्टँड-इन म्हणतात. नुसती जोडी जुळवली तर रोज रात्री खोट्या अलर्टची माळ लागेल. म्हणून दुसरी अट घालावी लागते: स्टँड-इनच्या वेळेबाहेर जोडी नसलेली मंजुरी दिसली तर लगेच अलर्ट, आणि वेळेतली असेल तर सीबीएस उठल्यावर ठरलेल्या मुदतीत तिचा 0220 आला नाही तर अलर्ट. रक्कमही बघावी. कॉसमॉसचे ७८ कोटी १२,००० व्यवहारांत भागा. परदेशात सरासरी एका व्यवहाराला ६५ हजार रुपये. सुट्टीच्या दिवशी एका सहकारी बँकेच्या कार्डांवर ही सरासरी कुठल्याही पट्ट्यात बसत नाही.

संदेश कूटबद्ध बोगद्यातून जात असतील तर टॅप बोगदा संपतो त्या पलीकडे हवा, नाहीतर त्याला फक्त आकार आणि वेळ दिसेल. आणि हल्ला सर्व्हरच्या आतच झाला तर? अमेरिकी सरकारने २ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘फास्टकॅश’ नावाच्या मोहिमेचा इशारा दिला, त्यात हल्लेखोर बँकांच्या पेमेंट स्विचच्या सर्व्हरमध्येच शिरून परस्पर मंजुरी देत असल्याचे म्हटले होते. तिथे सर्व्हरवर बसणारी, कुठली फाइल बदलली, कुठली नवी प्रक्रिया सुरू झाली हे बघणारी यंत्रणा लागते. तरीही त्या सर्व्हरने दिलेली मंजुरी शेवटी वायरीवर येतेच. जोडी न जुळणारा क्रमांक तिथेही दिसतो.

कॅमेरा बंद पडल्याचे कळत नाही, असे वर म्हटले, त्याबद्दल थोडे. एक गिगाबिटच्या लाइनवर दोन्ही दिशांची वाहतूक मिळून दोन गिगाबिटपर्यंत जाऊ शकते. मिरर पोर्ट एक गिगाबिटचा असेल तर गर्दीच्या वेळी उरलेली पॅकेट नेटवर्क-स्विच निमूटपणे टाकून देतो. आयडीएसला ती मिळत नाहीत, आणि मिळाली नाहीत हेही तिला कळत नाही. ते नेटवर्क-स्विचच्या पोर्टवरच्या मोजणीत शोधावे लागते. आयडीएसपर्यंत पोचूनही तिला झेपली नाहीत अशी पॅकेट सुरिकाटा मोजते. तिच्या आकडेवारीत `capture.kernel_drops` नावाचा आकडा असतो. तो वाढत असेल तर पहारेकरी पेंगतो आहे. दुसऱ्या बाजूला आयपीएस बंद पडले तर काय करायचे हे खरेदीच्या वेळीच ठरवावे लागते: वाहतूक तशीच जाऊ द्यायची की थांबवायची. बँकेच्या शाखेच्या लाइनवर बहुतेक जण जाऊ देतात, आणि ते रास्त आहे. पण मग आयपीएस बंद पडल्याचा निरोप कुणाच्या तरी फोनवर गेला पाहिजे, नाहीतर आठवडाभर दांडा उघडाच राहतो.

फोनचा विषय निघाला म्हणून शेवटचा मुद्दा. सुट्टीच्या दिवशी अलर्ट आला असता तर तो कुणाला आला असता, आणि एटीएम स्विच बंद करायचा अधिकार त्याला होता का? रोखण्याचे काम यंत्रावर सोपवायचे नसेल तर ते करू शकणाऱ्या माणसाचे नाव, त्याच्या बदलीवरचे नाव आणि लेखी अधिकार आधी ठरलेले हवेत. कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकेच्या डिजिटल व्यापाप्रमाणे चार पातळ्यांची सविस्तर चौकट दिली. त्या चौकटींतले कोणते कलम या पुस्तकातल्या कोणत्या प्रकरणाशी जोडले जाते हे शेवटच्या प्रकरणात दिले आहे.

वाचकाला एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या संस्थेच्या नेटवर्कचा नकाशा हाताने कागदावर काढा: कुठली वायर कुठून कुठे जाते, पैसे ज्या संदेशाने हलतात तो कुठल्या वायरीवरून जातो, आणि त्या वायरीकडे आज कोण बघते आहे. ज्या वायरीसमोर नाव लिहिता आले नाही, तिथून वाचायला सुरुवात करा.

वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा